कारखान्याची जमीन: एक लाखाची की चाळीस कोटींची?

ऑगस्ट-सप्टेंबर आला की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सहकारी साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल सभासदांच्या हाती पडू लागतात. अहवालात अध्यक्षांचे मनोगत असते, सभेची विषयपत्रिका असते आणि मागच्या पानांवर ताळेबंद असतो. डावीकडे भांडवल व देणी, उजवीकडे मालमत्ता व येणी. आपण त्या उजव्या बाजूवर बोट ठेवून वाचत गेलो, तर एका ओळीपाशी थबकायला होते. कारखान्याची शेकडो एकर जमीन तिथे काही लाखांत दाखवलेली असते. त्याच शिवारात एका एकराचा व्यवहार याहून मोठ्या रकमेला झाल्याचे आपल्याला ठाऊक असते.

मग सभेत दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. एक जण म्हणतो, "कारखान्याची एवढी मालमत्ता असताना तोटा कसला दाखवता?" दुसरा म्हणतो, "जमीन आजच्या भावाने दाखवा, म्हणजे कर्ज फिटल्यासारखेच आहे." दोघांचा प्रश्न खरा आहे, पण उत्तर दोघे समजतात तेवढे सोपे नाही. ताळेबंदात प्रत्येक ओळ एकाच मापाने मोजलेली नसते. कोणती ओळ कोणत्या मापाने मोजली आहे आणि त्या मापाने काय दिसते, काय झाकले जाते, हे आपण एकेक पायरी घेऊन पाहू.

पायरी पहिली: दोन मापे कोणती

पहिले माप मूळ खरेदी किमतीचे. लेखापाल त्याला 'हिस्टॉरिकल कॉस्ट' म्हणतात. वस्तू ज्या दिवशी घेतली त्या दिवशी तिच्यासाठी जे पैसे मोजले, तेच पुस्तकात राहतात. यंत्रासारखी वस्तू झिजत जाते, म्हणून त्यातून दरवर्षी घसारा वजा होतो. जमीन झिजत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे त्याच आकड्यावर राहते.

दुसरे माप वाजवी मूल्याचे, म्हणजे 'फेअर व्हॅल्यू'चे. आज, या तारखेला, बाजाराची माहिती असलेल्या आणि कोणत्याही दडपणाखाली नसलेल्या दोघांमध्ये रीतसर व्यवहार झाला, तर ही मालमत्ता विकून किती रक्कम येईल, असा त्याचा अर्थ. यातला 'दडपणाखाली नसलेल्या' हा भाग महत्त्वाचा आहे. त्याच्याकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

पहिल्या मापाला पुरावा असतो. खरेदीखत, पावती, बँकेतून गेलेली रक्कम दाखवता येते. दुसऱ्या मापाला बहुतेक वेळा मूल्यांककाचे मत हाच आधार असतो. पहिले माप खात्रीचे असते, पण शिळे होते. दुसरे ताजे असते, पण त्यात अंदाज शिरतो. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत हाच पेच वेगवेगळ्या रूपांत भेटणार आहे.

पायरी दुसरी: जमिनीचा आकडा इतका लहान का

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट इतकी ठळक दिसते, याचे कारण इथल्या कारखान्यांचे वय. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. त्यानंतरच्या काही दशकांत कोपरगाव, राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर, नेवासा अशा भागांत सहकारी कारखाने उभे राहिले. त्या काळात घेतलेली जमीन त्या काळच्या भावाने पुस्तकात बसली.

पुढचा हिशेब सोपा व्हावा म्हणून एक काल्पनिक कारखाना घेऊ. त्याने १९५५ साली १०० एकर जमीन एकरी १,००० रुपयांनी घेतली, असे समजू. पुस्तकात जमीन १ लाख रुपयांची. आज त्या भागात एकराचा भाव ४० लाख आहे, असे धरू. म्हणजे बाजारभावाने ४० कोटी. कारखान्याचा स्वनिधी, म्हणजे भागभांडवल आणि राखीव निधी मिळून, ६० कोटी आहे आणि कर्ज १८० कोटी आहे. हे आकडे कोणत्याही एका कारखान्याचे नाहीत, फक्त समजून घेण्यासाठी आहेत.

जमिनीचा आकडा एक लाख ठेवण्यात लबाडी नाही. सहकारी संस्था कंपनी कायद्याखाली येत नाहीत. त्यामुळे मोठ्या कंपन्यांना २०१६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेली, वाजवी मूल्याचा अधिक वापर करणारी 'इंड एएस' मानके त्यांना लागू नाहीत. त्या चार्टर्ड अकाउंटंट संस्थेच्या जुन्या लेखा मानकांप्रमाणे चालतात. त्यातले दहावे मानक, 'एएस १०', स्थावर मालमत्ता व यंत्रांसाठी दोन्ही वाटा मोकळ्या ठेवते: मूळ किमतीवर राहा किंवा पुनर्मूल्यांकन करा. बहुतेक जण पहिली वाट धरतात.

पायरी तिसरी: जमीन चाळीस कोटी केली, तर नेमके काय होते

समजा संचालक मंडळाने पुनर्मूल्यांकन करायचे ठरवले. उजव्या बाजूला जमीन १ लाखावरून ४० कोटींवर जाते. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू सारख्या राहायला हव्यात, म्हणून डाव्या बाजूला ३९ कोटी ९९ लाखांचा 'पुनर्मूल्यांकन राखीव निधी' उभा राहतो.

आता काय बदलले ते बघा. स्वनिधी ६० कोटींवरून जवळपास १०० कोटी झाला. आधी एक रुपया स्वनिधीमागे तीन रुपये कर्ज होते, आता एक रुपयामागे एक रुपया ऐंशी पैसे आहे. कागदावर कारखान्याची तब्येत एकदम सुधारली.

आणि काय बदलले नाही तेही बघा. बँकेतली शिल्लक तीच आहे. उसाचे थकलेले बिल तेवढेच आहे. कामगारांचा थकलेला पगार तेवढाच आहे. कर्जाचा पुढचा हप्ता त्याच तारखेला, तेवढ्याच रकमेचा आहे. ३९ कोटी ९९ लाखांतला एक रुपयाही एफआरपी देण्यासाठी वापरता येत नाही, कारण तो रुपया कुठून आलेलाच नाही.

बहुतेक गैरसमज इथेच होतो. 'निधी' असे नाव असले की कुठेतरी पैसे ठेवले आहेत, असे वाटते. पुनर्मूल्यांकन राखीव निधी म्हणजे ठेव नव्हे, ती न झालेल्या विक्रीची नोंद आहे. त्यातून लाभांश वाटता येत नाही. सहकार कायद्याप्रमाणे लाभांश निव्वळ नफ्यातून द्यायचा असतो आणि त्यालाही १५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. म्हणून अहवालात स्वनिधी एकाएकी वाढलेला दिसला, तर पहिल्यांदा राखीव निधींची फोड असलेले परिशिष्ट उघडा. वाढ नफ्यातून आली आहे की पुनर्मूल्यांकनातून, ते तिथे कळते.

पायरी चौथी: चाळीस कोटी हा आकडा कोणी आणि कसा काढला

वाजवी मूल्याची खरी परीक्षा इथे आहे. एकाच जमिनीचे दोन प्रामाणिक मूल्यांकक दोन आकडे देऊ शकतात.

पहिला मूल्यांकक जवळच्या हमरस्त्यावरच्या बिगरशेती प्लॉटचे व्यवहार पाहतो आणि एकरी ४० लाख धरतो. दुसरा म्हणतो, शंभर एकर एकदम घेणारे गिऱ्हाईक मिळणार नाही. प्लॉट पाडायचे तर रस्ते आणि मोकळी जागा सोडावी लागेल, परवानग्या लागतील, सगळे विकायला काही वर्षे जातील. तो हे सगळे वजा करून एकरी २२ लाखांवर येतो. एक म्हणतो ४० कोटी, दुसरा म्हणतो २२ कोटी. यातला एक आकडा खोटा आहे असे नाही. दोघांची गृहीतके वेगळी आहेत, आणि म्हणूनच गृहीतके लिहिलेली नसतील तर नुसत्या आकड्याला अर्थ राहत नाही.

त्यात जमिनीचा सातबारा पाहायला हवा. जमीन भोगवटादार वर्ग-२ ची असेल, म्हणजे सरकारकडून अटींवर मिळालेली असेल, तर ती परवानगीशिवाय विकता येत नाही आणि परवानगीसाठी नजराणा भरावा लागू शकतो. ही अट जमिनीलाच चिकटलेली आहे, घेणाऱ्यालाही ती सुटत नाही. म्हणून ती मूल्यातून वजा झालीच पाहिजे. वर्ग-१ च्या शेजारच्या गटाचा भाव वर्ग-२ च्या गटाला लावणे ही नेहमी होणारी चूक आहे.

दुसरी नेहमीची चूक रेडी रेकनरची. सरकारचे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते मुद्रांक शुल्क ठरवण्यासाठी असतात. ते विभागवार असतात, त्यात त्या एका गटाचा आकार, रस्ता, पाणी, अटी पूर्णपणे उतरत नाहीत. ते पडताळ्यासाठी ठीक आहेत. पण रेकनरचा दर गुणिले क्षेत्र केले की वाजवी मूल्य निघाले, असे होत नाही.

तिसरी चूक सहज नजरेत येत नाही आणि ती सर्वांत महागात पडते. मूल्यांकन अहवालात जमीन प्लॉट पाडून विकण्याच्या भावाने धरलेली असते आणि तिच्यावर उभी असलेली गिरणी, बॉयलर, गोदामे चालू कारखाना म्हणून मोजलेली असतात. दोन्ही एका वेळी खरे होऊच शकत नाही. प्लॉट विकायचे तर गिरणी पाडावी लागेल, तिची किंमत भंगाराची होईल आणि पाडण्याचा खर्चही येईल. कारखाना चालू ठेवायचा तर ती जमीन कारखान्याचीच जमीन आहे, तिला प्लॉटचा भाव मिळणार नाही. दोन वेगवेगळ्या भविष्यांतले मोठे मोठे आकडे उचलून बेरीज केली की मालमत्ता फुगते. अहवाल हाती आला तर जमिनीचा आणि इमारतींचा वापर एकच धरला आहे का, हे जरूर पडताळा.

पायरी पाचवी: गिरणी आणि बॉयलर

यंत्रांच्या ओळीत मूळ किमतीचे माप वेगळ्या तऱ्हेने थकते. समजा यंत्रसामग्रीची पुस्तकी किंमत, म्हणजे घसारा वजा जाता उरलेली रक्कम, ६ कोटी आहे आणि ती अजून १२ वर्षे चालेल. वर्षाचा घसारा ५० लाख. हा घसारा जुन्या खरेदी किमतीवर बसलेला आहे. तीच यंत्रे आज घ्यायची म्हटली तर कितीतरी जास्त पैसे लागतील. म्हणजे नफा दाखवताना झिजेचा खर्च कमी धरला जातो आणि यंत्र बदलायची वेळ येते तेव्हा जमवलेली रक्कम पुरत नाही. जुन्या कारखान्यांच्या आधुनिकीकरणाला मोठे कर्ज लागते, त्यामागे हेही एक कारण असते.

मग पुनर्मूल्यांकन करून यंत्रे २४ कोटींची दाखवली तर? राखीव निधी १८ कोटींनी वाढतो. पण आता वर्षाचा घसारा २ कोटी होतो. दरवर्षी नफा-तोटा पत्रकात दीड कोटीचा जादा खर्च येतो आणि पुढची बारा वर्षे येत राहतो. शिवाय आयकरात घसारा प्रत्यक्ष खर्च केलेल्या रकमेवरच मिळतो, त्यामुळे वाढीव घसाऱ्याची वजावट तिथे मिळत नाही. पहिल्या वर्षी ताळेबंद सुंदर दिसतो, नंतर नफ्याला ओढ लागते. पुनर्मूल्यांकनाचा ठराव मांडताना ही दुसरी बाजू फार क्वचित सांगितली जाते.

आणखी एक नियम लक्षात ठेवा. 'एएस १०' प्रमाणे पुनर्मूल्यांकन त्या प्रकारच्या सगळ्या मालमत्तेचे करावे लागते. रस्त्याकडेचा भाव वाढलेला गट तेवढा वर न्यायचा आणि माळावरचा तसाच ठेवायचा, असे चालत नाही. एकदा ही वाट धरली की ठराविक काळाने पुन्हा मोजावे लागते. भाव खाली आला तर ती घटही दाखवावी लागते: आधी त्याच मालमत्तेच्या पुनर्मूल्यांकन राखीव निधीतून, आणि तो संपला की थेट तोट्यात. तेजीत एकदा आकडा चढवून तो कायम ठेवणे मानकात बसत नाही.

मूळ किमतीचे माप खात्रीचे म्हटले, तरी त्यातही खोट शिरू शकते. हंगाम संपला की गिरणी उघडून दुरुस्ती होते. रोलर, बेअरिंग, नळ्या बदलतात. हा खर्च त्या वर्षीच्या नफ्यातून जायला हवा. तो यंत्राच्या किमतीत मिळवला, तर त्या वर्षीचा नफा वाढतो आणि मालमत्ताही वाढते. गाळपक्षमता वाढलेली नाही, नवे यंत्र आलेले नाही, तरी 'यंत्रसामग्रीत वाढ' या रकान्यात मोठा आकडा दिसला, तर नेमके काय घेतले ते विचारा. पावती खरी असूनही ती चुकीच्या खात्यात पडलेली असू शकते.

पायरी सहावी: गोदामातली साखर

साखर कारखान्याचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. तेव्हा हंगाम संपत आलेला असतो आणि गोदामे भरलेली असतात. म्हणून ताळेबंदात साखर साठ्याची ओळ फार मोठी असते. तिथे नियम स्पष्ट आहे. साठा दोन किमतींपैकी जी कमी असेल तिने धरायचा: एक उत्पादन खर्च, दुसरी विक्रीतून खर्च वजा जाता हाती येणारी रक्कम.

हिशेब करून पाहू. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला उसाची एफआरपी टनाला ३,४०० रुपये होती. त्या उताऱ्याने एक टन उसातून १.०२५ क्विंटल साखर निघते. म्हणजे एका क्विंटल साखरेत उसाचाच खर्च सुमारे ३,३१७ रुपये. त्यात गाळपाचा खर्च ७०० रुपये धरू आणि बगॅस, मळी यांचे उत्पन्न ३५० रुपये वजा करू. उत्पादन खर्च झाला ३,६६७ रुपये. हे ७०० आणि ३५० आपल्या काल्पनिक कारखान्याचे आहेत.

३१ मार्चला कारखान्याच्या दारात भाव ३,६५० आहे आणि विक्रीचा खर्च ३० रुपये. हाती येणार ३,६२०. खर्चापेक्षा हे ४७ रुपयांनी कमी. म्हणून साठा ३,६२० ने धरायचा. गोदामात ४ लाख क्विंटल असेल, तर १ कोटी ८८ लाखांचा तोटा साखर विकण्याआधीच दाखवावा लागतो.

उलट भाव ३,९०० असता तर? साठा ३,६६७ नेच धरायचा, नफा विक्री झाल्यावर. तोटा दिसला की लगेच घ्यायचा, नफा हाती येईपर्यंत थांबायचे. हा मुद्दाम ठेवलेला कल आहे. तो एकांगी आहे हे खरे. पण साखरेचा भाव कोटा, निर्यात धोरण आणि पुढच्या हंगामाच्या अंदाजावर हलतो. आजच्या चढ्या भावाने नफा वाटून टाकला आणि जूनमध्ये भाव पडला, तर वाटलेले परत घेता येत नाही.

इथे चूक कशी होते? साठ्याचा दर क्विंटलमागे ५० रुपयांनी सैल धरला, तर ४ लाख क्विंटलवर दोन कोटींचा फरक पडतो. तोट्यातला कारखाना नफ्यात दाखवायला तेवढे पुरते. दुसरी चूक किमान विक्री दराची. सरकारने तो फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला. त्याखाली विकता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो बाजारभाव नव्हे, आणि साठा मोजण्याचा आधारही नव्हे. अहवालातल्या लेखाधोरणांच्या टिपेत साठा कोणत्या दराने धरला हे लिहिलेले असते. तो दर आणि एप्रिल-मे महिन्यांत प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचा दर शेजारी ठेवून पाहा.

पायरी सातवी: त्याच साखरेचे तिसरे माप

हीच साखर बँकेकडे तारण असते. बँक ना उत्पादन खर्च पाहते, ना ताळेबंदाची तारीख. ती बाजारभावाने मूल्यांकन करते आणि त्यातून दुरावा ठेवून, म्हणजे सुरक्षिततेसाठी काही टक्के वजा करून, उचल देते.

समजा बँकेने ३,६०० रुपये मूल्यांकन धरले आणि दुरावा १५ टक्के आहे. क्विंटलला ३,०६० रुपये उचल मिळाली. भाव घसरून मूल्यांकन ३,४०० झाले, तर उचल २,८९० चीच बसते. क्विंटलमागे १७० रुपये जास्त उचललेले ठरतात. ४ लाख क्विंटलवर ६ कोटी ८० लाख. याला अपुरा दुरावा म्हणतात आणि बँक तो भरून मागते. ऐन बिलाच्या वेळी कारखान्याचे पैसे अडतात ते अनेकदा यामुळे.

इथे वाजवी मूल्याचे माप योग्य जागी आहे. माल एकसारखा आहे, रोज विकला जातो, भाव सगळ्यांना दिसतो आणि बँकेला आज विकून किती येईल एवढेच जाणून घ्यायचे आहे. जिथे बाजार जिवंत आहे तिथे बाजारभाव खरा. शंभर एकर कारखान्याच्या जमिनीला असा रोजचा बाजार नसतो.

पायरी आठवी: दोन्ही मापे फसतात तेव्हा

मूळ किमतीला चिकटून राहिल्याने काय होते, त्याचे अलीकडचे उदाहरण अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचे. तिने घेतलेले बरेचसे रोखे मुदतीपर्यंत ठेवायचे म्हणून खरेदी किमतीच्या आधाराने दाखवले होते. व्याजदर वाढले आणि त्या रोख्यांचे बाजारमूल्य पडले. २०२२ अखेर त्यांतला सुमारे १५ अब्ज डॉलरचा तोटा टिपेत लिहिलेला होता, पण नफ्यातून आणि भांडवलातून वजा झालेला नव्हता. मार्च २०२३ मध्ये ठेवीदार धावले, आणि बँक बंद पडली.

उलट बाजूचा धडा एन्रॉनचा. तिने अनेक वर्षांच्या वीज-वायू करारांतून पुढे मिळेल असे वाटणारे उत्पन्न स्वतःच्याच गणिताने आजचे मूल्य म्हणून दाखवले. त्या करारांना बाजार नव्हता, त्यामुळे आकडा पडताळायला काही नव्हते. २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी मधली वाट काढली आहे. १ डिसेंबर २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे बँकेच्या मालमत्तेच्या पुनर्मूल्यांकनातून आलेला राखीव निधी पहिल्या श्रेणीच्या भांडवलात धरता येतो, पण ५५ टक्के कापून. शंभर रुपयांची वाढ झाली तर पंचेचाळीसच मोजायचे. तेही मालमत्ता सहज विकता येण्यासारखी हवी, आणि दोन स्वतंत्र मूल्यांककांकडून किमान तीन वर्षांतून एकदा मूल्यांकन झालेले हवे. नियामकाने वाढ नाकारली नाही, पण तिच्यावर पूर्ण विश्वासही ठेवला नाही. आपल्या काल्पनिक कारखान्याला तो हिशेब लावून पाहिला, तर ४० कोटींतले जेमतेम १८ कोटी उरतात.

पायरी नववी: कारखाना बंद पडला तर

वाजवी मूल्याच्या व्याख्येतल्या 'दडपणाखाली नसलेल्या' या अटीकडे आता परत येऊ. कर्ज थकले की बँक सरफेसी कायद्याखाली मालमत्ता ताब्यात घेऊन विकू शकते. राज्यात काही बंद कारखाने अशा मार्गाने विकले गेले आहेत. त्या वेळी मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून मूल्यांकन होते आणि राखीव किंमत ठरते. पण ही सक्तीची विक्री असते. घेणारे मोजके असतात, देणी आणि कामगारांचे दावे सोबत असतात, यंत्रे गंजलेली असतात. म्हणून लिलावातला आकडा चालू कारखान्याच्या वाजवी मूल्यापेक्षा बराच खाली येऊ शकतो.

म्हणजे 'मालमत्ता चाळीस कोटींची आहे, कर्जाची काळजी नको' हे म्हणणे टिकत नाही. ज्या दिवशी ती जमीन विकून कर्ज फेडायची वेळ येईल, त्या दिवशी तो भाव मिळण्याची शक्यता सर्वांत कमी असेल.

आणि सभासद म्हणून आपल्या हाती काय? सहकारी संस्थेत भाग परत केला, तर भरलेल्या रकमेपेक्षा जास्त मिळत नाही. जमीन चाळीस कोटींची झाली म्हणून आपल्या भागाची किंमत वाढत नाही. सभासदाला कारखान्याकडून मिळते ते उसाच्या दरातून, आणि दर साखर, वीज, इथेनॉल विकून आलेल्या पैशांतून निघतो. म्हणून जमिनीच्या ओळीपेक्षा साठ्याच्या ओळीकडे जास्त लक्ष द्यायला हवे.

पायरी दहावी: सभेआधी काय करावे

माझे मत असे आहे: जमीन मूळ किमतीवरच राहावी आणि तिचे वाजवी मूल्य, गृहीतकांसह, टिपेत छापले जावे. अशाने स्वनिधी फुगत नाही आणि सभासदांपासून मालमत्तेची खरी व्याप्तीही लपत नाही. उद्या कोणी ती जमीन स्वस्तात भाड्याने द्यायचा किंवा विकायचा ठराव आणला, तर तुलनेला आकडा हाताशी असतो. नुसत्या मूळ किमतीचा सगळ्यात मोठा धोका हाच आहे: एक लाखाची जमीन एक कोटीला दिली, तर पुस्तकात नव्याण्णव लाखांचा नफा दिसतो आणि सभासदांचे एकोणचाळीस कोटी गेल्याचे कुठेच दिसत नाही.

कारखान्याने पुनर्मूल्यांकन केलेच असेल, तर प्रश्न लेखी द्या. मूल्यांकन कोणत्या तारखेचे आहे आणि मूल्यांकक स्वतंत्र आहे का? त्या प्रकारची सगळी मालमत्ता मोजली की निवडक? जमीन वर्ग-१ ची धरली की वर्ग-२ ची, आणि वापर कोणता धरला? वाढीव घसाऱ्याने पुढच्या वर्षांचा नफा कितीने कमी होईल? आणि पुनर्मूल्यांकन राखीव निधी वगळून स्वनिधी किती उरतो?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की मागच्या पाच वर्षांचे अहवाल काढा आणि प्रत्येक वर्षाचा तोच आकडा एका कागदावर ओळीने लिहा. तो वाढत असेल आणि ती वाढ नुसत्या नव्या भागभांडवलाची नसेल, तर कारखाना कमावतो आहे. तो घटत असेल आणि ताळेबंदातला एकूण स्वनिधी मात्र वाढत असेल, तर वाढ धंद्यातून आलेली नाही, जमिनीच्या भावातून आली आहे, आणि सभेत नेमके तेवढेच विचारायला हवे.